अर्धी लाटलेली पोळी

चहा ओतायच्या आधी वेदांग धुतलेला कप पुन्हा धुतो. गॅस बंद केल्यावर बटणाला दोनदा हात लावतो. लिफ्टमध्ये कायम डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. सुपरमार्केटमध्ये वस्तूची किंमत आधी दिरहमात वाचतो, मग रुपयांत मोठ्यानं सांगतो, वस्तू परत ठेवतो, चार पावलं जातो आणि मागं येऊन तीच उचलतो. त्याच्या खिशात सदैव मेजरिंग टेप असते. फोन वाजला तर उभ्यानंच घेतो. रोटी असो, पराठा असो, फाटका निघाला की कोणी न सांगता तो स्वतःच्या ताटात ओढतो.

दुबईत अल कुसैसच्या त्या एक बेडरूमच्या फ्लॅटमध्ये रेहान त्याच्यासोबत दीड वर्ष राहत होता. या सगळ्या सवयी त्याला पाठ होत्या. त्यांचा अर्थ मात्र त्यानं कधी विचारला नव्हता.

रेहान रत्नागिरीचा. मराठी घेऊन बीए झालेला आणि इथं एका टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरणारा. वेदांग साताऱ्याचा. एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेटर. अमुक इमारतीला पत्रा किती लागेल, हे तो ड्रॉइंग बघून सांगायचा आणि त्याचा आकडा सहसा चुकत नसे. सव्वीस वर्षांचा हा मुलगा एका शनिवारी सकाळी अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो गूळ आणि नवंकोरं पोळपाट-लाटणं घेऊन घरात शिरला.

"हे काय?" रेहाननं विचारलं.

"पुरणपोळी करायचीय."

"आज कुठला सण?"

"सण नाही."

"मग?"

वेदांगनं पिशवीतली पावती काढून नीट घडी घातली. "तू कांदा कापू नकोस आज. वास लागेल," एवढंच म्हणाला.

रेहान दारातच उभा राहिला. वेदांगनं तासभर भिजवलेली डाळ कुकरमध्ये घातली, वर बोटाच्या तीन पेरांएवढं पाणी. सहा शिट्ट्या. झाकण काढलं तेव्हा डाळ दिसतच नव्हती, नुसती पिवळी खीर. तशीच पाण्यासकट कढईत ओतली, वर गूळ. दहा मिनिटं ढवळून जरा जाड वाटल्यावर मिक्सरला लावली. मिक्सरमधून निघालं ते चकचकीत, गुळगुळीत, बोटाला घट्ट धरणारं. वेदांगनं बोट चाटलं आणि खूश झाला. "चव तर आलीय," म्हणाला. डबा फ्रिजमध्ये गेला.

कणीक त्यानं चपातीसारखीच मळली. पाकिटातला जाडसर चक्की आटा, कोंड्यासकट. दहा मिनिटांत गोळा करून लगेच लाटायला घेतला.

जुलै नुकताच लागला होता. हॉलमध्ये एसी होता, स्वयंपाकघरात नव्हता. फ्रिजमधून काढलेल्या पुरणाच्या गोळ्यांवर बघता बघता बारीक थेंब उमटले. वेदांगनं कणकेच्या वाटीत एक गोळा ठेवून तोंड मिटलं आणि लाटणं फिरवलं. दुसऱ्याच फेऱ्याला कड तडकली. तिसऱ्याला मधोमध भोक पडून पुरण बाहेर आलं आणि पोळपाटाला चिकटलं. उलथन्यानं खरवडून त्यानं ते तव्यावर टाकलं. गूळ जळू लागला. धूर हॉलमध्ये गेला, छतावरचा स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागला, आणि दोन मिनिटांत वॉचमन दारात.

"क्या हुआ भाई?"

"स्वीट," रेहान म्हणाला. "इंडियन स्वीट. खलास. हो गया."

वॉचमननं तव्याकडे पाहिलं, वेदांगकडे पाहिलं, आणि निघून गेला.

वेदांगनं तव्यावरचा काळा-पिवळा लगदा ताटलीत काढला. तो तसाच उभ्यानं खाऊ लागला. रेहानला हसू येत होतं, पण वेदांगचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"अरे, त्या बर दुबई भागात मिळतात ना. देवळाच्या गल्लीजवळ. मी स्वतः पाहिल्यात. एका पाकिटात चार."

"विकतची चालणार नाही."

"कोणाला?"

मग वेदांग खाली बसला. फरशीवरच, कपाटाला टेकून.

"ताईला," तो म्हणाला.

वेदांगला बहीण आहे, हे दीड वर्षात रेहानला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

ती शुभ्रा. वेदांगपेक्षा पाच वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून घरचा स्वयंपाक तिच्याकडे. होळीला पुरण तिचं. लाटताना एखादी पोळी फाटली की ती म्हणायची, "ही वेद्याची." वेदांग वाटच बघत बसलेला असायचा. पुढं तिनं शैलेंद्र नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. जात वेगळी. वडील नाही म्हणाले. तिनं रजिस्टर लग्नाची तारीख काढली आणि ती फक्त भावाला सांगितली. वडिलांनी विचारलं तेव्हा भावानं तारीख सांगितली, वेळ सांगितली, कचेरीचा पत्ताही सांगितला.

"का सांगितलंस?" रेहाननं विचारलं.

"विचारलं त्यांनी."

"म्हणून?"

"माहीत नाही रे. विचारलं, सांगितलं."

वडील कचेरीत गेले होते. तिथं काय झालं ते वेदांगनं सांगितलं नाही. लग्न झालंच, पण माहेर तुटलं. त्याला चार वर्षं झाली. शैलेंद्रला समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी लागली, दोघं शारजाच्या पुढं उम्म अल कुवैनला आली. दोन वर्षांपूर्वी वेदांगही इथं आला, तेव्हा त्यानं तिला मेसेज केला होता. मी दुबईत आलोय, हा माझा नंबर. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

"आणि परवा तिचा फोन आला," वेदांग म्हणाला. "सातवा लागलाय. डोहाळजेवण माहेरचं असतं. म्हणाली, इथं माझं माहेर म्हणजे तू एकटाच. जेवायला येईन. तीन आठवड्यांनी, रविवारी, एक वाजता."

"मग चांगलंच आहे की!"

"म्हणाली, पुरणपोळी कर. तू केलेली. विकतची आणलीस तर दारातून परत जाईन."

"हसत म्हणाली की तशीच?"

वेदांगनं बराच वेळ विचार केला. "तेच कळलं नाही."

रेहानलाही कळेना. त्यानं आयुष्यात पुष्कळ कथा वाचल्या होत्या. रागावलेली बहीण काय मागेल याचे चार अंदाज त्याला बांधता आले असते. माफी मागेल, वडिलांना फोन करायला लावेल. पुरणपोळी कशाला मागेल? आणि ज्याला मॅगी सोडून काही येत नाही त्याच्याकडे? ही परीक्षा होती, शिक्षा होती की नुसती थट्टा? पण वेदांगनं ते अगदी शब्दशः घेतलं होतं. पोळी जमली तर ताई जेवेल. जेवली तर पुन्हा येईल. नाही जमली तर दारातून परत. त्याचा हिशेब इतका सरळ होता.

फ्रिजच्या दारावर त्यानं एक कागद चिकटवला. ड्रॉइंगवर असतात तसे वर रकाने. पहिल्या प्रयोगाला नाव दिलं आर-वन, म्हणजे रिव्हिजन वन. डाळ, पाणी, शिट्ट्या, गूळ, मिनिटं. शेवटच्या रकान्यात निकाल: फाटली. पुरण चिकट.

"मावशीला वगैरे विचार ना," रेहान म्हणाला.

"मावशीला कळलं की बाबांना कळणार. मग ते ताईला फोन करून काहीतरी बोलतील. नको."

पुढच्या शनिवारी आर-टू. पुरण ओलं होतं म्हणून चिकटलं, असा वेदांगचा निष्कर्ष होता. म्हणून या वेळी त्यानं ते आटवलं. पाणी तसंच ठेवलं होतं, त्यामुळं आटवायला फार वेळ लागला. पाऊण तास तो घाम गाळत ढवळत राहिला. गरम होतं तोवर छान दिसलं. गार झाल्यावर मात्र चमचा आत रुतला तो निघेना. गुळाचा पाक झाला होता. दातांना धरून बसणारा, चिवट.

कणकेतही बदल केला. आटा तडकतो म्हणून नुसता मैदा. सैल झाला तर फाटेल म्हणून घट्ट मळला. यूट्यूबवरची बाई म्हणाली होती कणीक मुरू द्या. त्यानं ती दोन तास हॉलमध्ये टेबलावर ठेवली, उघडीच, एसीच्या झोताखाली. कणकेवर पापुद्रा धरला. हात लावला की कडकडीत. लाटताना त्या पापुद्र्याचे खवले सुटले आणि आतले पुरणाचे कडक खडे कणीक भोसकून वर आले.

वेदांगनं कागदावर लिहिलं: फाटली. पुरण जास्त चिकट.

"पण मी तर पाणी आटवून कमी केलं," तो कागदाशी बोलल्यासारखा म्हणाला. "कमी केलं तरी चिकट, जास्त असलं तरी चिकट. असं कसं?"

रेहाननं आपल्या अम्मीला फोन लावला. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. "बाळा, तांदळाची भाकरी विचार, सांदण विचार. पुरणाचं मला काय ठाव? पण त्या पोराला सांग, पीठ हातानं बघ, घड्याळानं नको." फोन ठेवल्यावर रेहाननं निरोप दिला. वेदांगनं विचारलं, "हातानं म्हणजे किती ग्रॅम?"

शेवटच्या आठवड्यात रेहाननंच पुढाकार घेतला. त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर विभावरीकाकू राहायच्या. पुण्याच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. पासपोर्टच्या फॉर्मसाठी त्या एकदा रेहानच्या सेंटरवर आल्या होत्या, तेवढीच ओळख. शनिवारी दुपारी तो वेदांगला हाताला धरून त्यांच्या दारात घेऊन गेला. वेदांगच्या एका हातात उरलेल्या पुरणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात तो कागद.

काकूंनी कागद वाचला. चष्मा वर केला. "हे काय, पुलाचं बांधकाम आहे का?"

मग डबा उघडला, पुरणात बोट घातलं, ओढून पाहिलं. तार सुटली.

"मिक्सर?"

"हो काकू."

त्यांची बारा वर्षांची मुलगी रिद्धी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "ओ माय गॉड, ही यूज्ड द मिक्सर."

"तू गप्प बस, तुला आमटी पण येत नाही." काकू वळल्या. "आणि कट? कटाचं काय केलंस?"

"कुठला कट?"

काकू खुर्चीत बसल्या.

"डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढतात, त्याला कट म्हणतात. त्याचीच आमटी करायची. तू तो काढलाच नाहीस?"

"फेकलं तर प्रोटीन जातं, म्हणून ठेवलं."

रिद्धी खुदकन हसली. वेदांग हसला नाही. त्यानं पेन काढलं.

"पेन खिशात ठेव. हात धुऊन ये," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी दोन ते सहा वेदांग काकूंच्या ओट्याशी उभा होता आणि रेहान स्टुलावर. काकूंनी डाळ बोटचेपी शिजवली. दाणा आख्खा दिसत होता, दाबला की मोडत होता. ती चाळणीत ओतली आणि अर्धा तास तशीच निथळत ठेवली. खाली पातेल्यात कट जमला. मग कढईत डाळ आणि गूळ. गूळ विरघळला तसं सगळं पुन्हा पातळ झालं. वेदांग घाबरला.

"काकू, पाणी आलं!"

"येणारच. गुळाचं पाणी आहे ते. तू आधीचं पाणी ठेवलंस, वर हे आलं, म्हणून तुझं आटायला पाऊण तास लागला. तोवर गुळाचा पाक झाला. आलं लक्षात?"

वेदांगचे डोळे मोठे झाले. कमी पाण्यानंही चिकट आणि जास्त पाण्यानंही चिकट, हे कोडं त्याला आत्ता सुटत होतं.

पंधरा-सोळा मिनिटांत काकूंनी मधोमध उलथनं उभं केलं. ते पडलं नाही. त्यांनी लगेच गॅस बंद केला. "इथं थांबायचं. आणखी नाही. गार झालं की अजून घट्ट होतं." वेलदोडा घातला, जायफळ किसलं. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं. गोल फिरणाऱ्या पात्याखालून मऊ, मोकळा, रवाळ शेवयांसारखा ढीग पडत गेला. मिक्सर डाळीचं पीठ करून टाकतो, त्यानं गोंद होतो, हे काकूंनी सांगितलं. त्यांनी ते फ्रिजमध्येही ठेवू दिलं नाही. "या दिवसांत फ्रिजमधलं पुरण बाहेर काढलं की घामेजतं. तुझे गोळे ओले झाले ते त्यामुळं. ओल्या कापडाखाली बाहेरच ठेव."

कणकेसाठी दोन भाग आटा कपड्यातून चाळून घेतला. कोंडा वर राहिला. "हाच तुझी पोळी फाडत होता." एक भाग मैदा, मीठ, चिमूटभर हळद.

"पाणी किती मिलीलिटर?"

"मागेल तेवढं."

कणीक इतकी सैल झाली की ती हाताला चिकटून लोंबू लागली. वेदांगला ती चूक वाटली, पण काकूंनी तेलाचा चमचा ओतला आणि तिंबायला लावलं. ओढायची, आपटायची, दुमडायची, पुन्हा तेल. पंधरा मिनिटांनी ती परातीला सोडून आली. काकूंनी तिचा एक लचका दोन बोटांत ताणला. पातळ पडद्यासारखा झाला, फाटला नाही. मग तेलाचा थर देऊन, झाकण घालून दोन तास बाजूला.

"आता दोन्ही हातात घे. एका हातात कणीक, एका हातात पुरण. दाबून बघ."

वेदांगनं दाबलं. एकदा. पुन्हा एकदा. डोळे मिटून पुन्हा.

"सारखी लागतात," तो म्हणाला.

"तेच बघायचं. बाकी काही नाही."

त्या दिवशी वेदांगच्या हातून चार पोळ्या झाल्या. दोन फाटल्या, दोन नाहीत. वर येताना लिफ्टमध्ये तो चुकून मधोमध उभा राहिला. काकूंचं पुरणयंत्र त्यानं छातीशी धरलं होतं.

रविवारी पहाटेच तो उठला. आठच्या सुमाराला पुरण झालं होतं, कणीक झाकलेली होती. ताईला बसायला खुर्ची खिडकीपाशी लावली, मग एसीचा झोत तिथं येतो म्हणून टेपनं मोजून दोन फूट सरकवली. रेहाननं नाक्यावरून मोगऱ्याचा गजरा आणला होता. कटाची आमटी उकळत होती. कागदावर आर-थ्री लिहून झालं होतं, निकालाचा रकाना रिकामा होता. पंधरा गोळे ओल्या कापडाखाली ओळीनं बसले होते.

साडेअकराला पहिली पोळी तव्यावर पडली. तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं, कडेकडेनं लाटलेली. तिचा रंग आतून पिवळा दिसत होता. वेदांगनं श्वास धरला. पोळी एका बाजूनं फुगली, मग सगळीच फुगली. कुठूनही वाफ सुटली नाही.

"अरे!" रेहान ओरडला. "अरे, झाली की रे!"

वेदांगनं तूप सोडलं. पोळी कापडावर काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. मग दुसरी. तिसरी. सात पोळ्या झाल्या. एकही फाटली नाही. आठवी निम्मी लाटून झाली होती तेव्हा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात पिठीनं भरलेले. रेहाननं फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर धरला.

"हॅलो, मिस्टर वेदांग? शुभ्रा मॅडम के ब्रदर?" केरळी वळणाचं हिंदी. उम्म अल कुवैनच्या हॉस्पिटलमधली नर्स होती. मॅडम सकाळी स्वतःच टॅक्सीनं आल्या, बीपी खूप वाढलंय, घाबरण्यासारखं नाही पण ॲडमिट केलंय. हसबंड ऑफशोअर आहेत, फोन लागत नाही. कोणीतरी यायला हवं.

"मेरा नंबर किसने दिया?" वेदांगनं विचारलं.

"फाइल में है सर. इमर्जन्सी काँटॅक्ट. आपका नाम, रिलेशन ब्रदर."

"आज लिखवाया?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "नहीं सर. फाइल तो मार्च में ओपन हुआ. तभी से है."

वेदांग लाटणं धरून उभा राहिला. रेहाननं मनात महिने मोजले. मार्च. तिचा फोन आला जूनच्या शेवटी. म्हणजे तीन महिने, त्या मेसेजला उत्तरही न देता, तिनं भावाचा नंबर तिथं लिहून ठेवला होता. मग पोळीचं काय होतं?

"यल्ला, चल," रेहान म्हणाला, कारण दुसरं काही सुचेना. "हात धू. मी गाडी काढतो."

वेदांगनं गॅस बंद केला. बटणाला दोनदा हात लावला. सात पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या. दारातून वळून म्हणाला, "ती आठवी राहू दे तशीच. मी येऊन लाटतो."

वाटेत शारजा ओलांडेपर्यंत तो मांडीवरच्या पिशवीचं तोंड दुमडत-उलगडत राहिला. नंतर म्हणाला, "मार्च." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मार्च."

शुभ्राला रेहाननं प्रथम पाहिलं ते कुशीवर झोपलेली, हाताला बीपीचा पट्टा. चेहरा वेदांगचाच, फक्त डोळे चलाख. वेदांग कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. चार वर्षांनंतर दोघं समोरासमोर आली होती.

"किती बारीक झालायस," आधी तीच म्हणाली. मग रेहानकडे पाहिलं. "आणि तू तो मराठीचा बीए? त्या दिवशी फोनवर याच्याकडून तुझं कौतुक फार ऐकलं. बस ना."

"ताई," वेदांग म्हणाला, "त्या दिवशी मी बाबांना..."

"पाय सुजलेत रे. ती उशी खाली सरकव. आणि पडदा ओढ, ऊन येतंय."

वेदांगनं उशी सरकवली. पडदा ओढला. पुन्हा पायथ्याशी येऊन उभा राहिला. रेहान वाट बघत होता की आता तरी कोणीतरी ते वाक्य पुरं करेल. कोणी केलं नाही.

"पिशवीत काय आहे?" शुभ्रानं विचारलं.

शेजारच्या नर्सनं आधी नको म्हणून मान हलवली, मग एक बोट वर केलं. वन बाइट. वेदांगनं फॉइल सोडवली. शुभ्रानं पोळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, कडा पाहिल्या, मधोमध बोट फिरवलं, उलटी करून पाहिली. जणू कुठं भोक आहे का ते शोधत होती.

"विकतची?"

"ताई, शप्पथ! रेहानला विचार!"

"वॉचमनलाही विचारा," रेहान म्हणाला.

ती हसली. तुकडा मोडून तोंडात घातला आणि खूप हळूहळू चावला. वेदांग तिच्या जबड्याकडे बघत होता.

"जायफळ विसरलास."

वेदांगनं कपाळावर हात मारला. डबी त्यानं ओट्यावर काढून ठेवली होती. ती तिथंच होती.

"मला वाटलं विकत आणशील," ती म्हणाली. "बर दुबईहून. आणि घरी केली म्हणून थापा मारशील. मग पोटभर हसायचं ठरवलं होतं मी."

"म्हणजे तू गंमत केलीस?"

शुभ्रानं पोळीचा पुन्हा एक तुकडा मोडला. नर्स पाठमोरी होती. "यातली फाटलेली कुठंय?" तिनं विचारलं.

"एकही फाटली नाही."

"मग तू काय खाणार?" असं म्हणून तिनं हातातली पोळी मधोमध फाडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली.

वेदांग ती घेऊन स्टुलावर बसला. त्याला खाता येईना. रेहान उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. त्याला आत काय झालं ते नीट समजलं नव्हतं. माफी झाली की नाही? पोळी जमली नसती तर काय वेगळं झालं असतं? बहुतेक काहीच नाही. मग तीन आठवडे तो मुलगा कुणासाठी ती लाटत होता? त्याला वाटलं, आपण इतकं वाचलं आणि दोन माणसं समोर बसून अर्धी अर्धी पोळी खातात त्याचा अर्थ लावता येत नाही.

शुभ्राला डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत आराम सांगितला. शैलेंद्र पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. वेदांग त्या दिवशी परत आलाच नाही. कपडे, लॅपटॉप, टेप रेहाननं नेऊन दिले. आता तो उम्म अल कुवैनहून कंपनीच्या व्हॅननं कामाला येतो. फोनवर विचारतो, "काकूंचं पुरणयंत्र दिलंस?" दिलं, असं रेहाननं सांगितलं.

त्या रविवारी संध्याकाळी रेहान एकटा घरी परतला तेव्हा स्वयंपाकघरात तुपाचा वास तसाच होता. आमटीवर साय धरली होती. खिडकीपासून दोन फुटांवर रिकामी खुर्ची, तिच्यावर गजरा. दार उघडं राहिल्यानं हॉलमधला एसी ओट्यापर्यंत पोचला होता. पोळपाटावरची पोळी कडेनं वाळून वर वळली होती, मध्ये अजून मऊ होती. त्यानं बोट लावून पाहिलं.

त्यानं लगेच फोन केला. "वेद्या, ती आठवी पोळी. भाजू का मी?"

"नको," वेदांग म्हणाला. "तुला जमणार नाही. ठेव. मी येतो."

उरलेले सात गोळे रेहाननं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. काकूंनी नको म्हटलं होतं हे त्याला नंतर आठवलं. पोळपाटावर मात्र त्यानं ओलं कापड टाकलं. ते वाळलं की तो पुन्हा भिजवत होता, चार दिवस. पाचव्या दिवशी पोळीला वास आला तेव्हा त्यानं ती काढली आणि पोळपाट धुतला. लाटणं धुतलं नाही. त्यावर वेदांगच्या बोटांची पिठी अजून होती.

फ्रिजच्या दारावर कागद आहे. आर-थ्री. डाळ, गूळ, मिनिटं, सगळं भरलेलं. निकालाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.